बाळंतपणाच्या पगारातला भागाकार

प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची असते, हे आता बहुतेक नोकरदार बायकांना ठाऊक आहे. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, तेव्हा त्याची बातमी सगळीकडे छापून आली होती. त्या सव्वीस आठवड्यांचे पैसे नेमके किती मिळायचे, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. हिशोब विभागातून एक आकडा येतो, तो खात्यात जमा होतो, आणि घरात तान्हं बाळ असताना कागद-पेन्सिल घेऊन तो तपासायला कोणाला सवड असते? वास्तविक हा हिशोब चौथीतल्या मुलीला येईल इतका सोपा आहे. एक भागाकार आणि एक गुणाकार. चूक जवळपास नेहमी एकाच जागी होते: भागायचं किती दिवसांनी आणि गुणायचं किती दिवसांनी, इथे.

कायद्याचं म्हणणं असं. बाई ज्या दिवसापासून प्रसूतीसाठी रजेवर जाते, त्याच्या लगेच आधीचे तीन महिने घ्यायचे. त्या तीन महिन्यांत तिने जितके दिवस काम केलं, त्या दिवसांचं एकूण वेतन काढायचं आणि त्याला त्याच दिवसांच्या संख्येने भागायचं. जो आकडा येईल ते तिचं सरासरी दैनिक वेतन. सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा तो कमी आला, तर किमान वेतनाचा दर धरायचा. मग रजेच्या जितक्या दिवसांसाठी तिला लाभ मिळायचा आहे, तितक्या दिवसांनी त्या दराला गुणायचं. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात ही रीत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने तो जुना कायदा पोटात घेतला, पण ही रीत तशीच ठेवली. बदल झाला तो ‘वेतन’ कशाला म्हणायचं यात. त्याकडे पुढे येऊच.

आधी एक उदाहरण पुरतं सोडवू. अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणारे अनेक कारखाने आहेत. समजा, त्यातल्या एकात एक बाई दागिन्यांत खडे बसवण्याचं काम करते. पगार नगावर. जितके खडे बसवले तितके पैसे. रविवारी कारखाना बंद आणि रविवारचे पैसेही नाहीत. डॉक्टरांनी प्रसूतीची अपेक्षित तारीख २० सप्टेंबर २०२६ दिली आहे. अपेक्षित तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते, म्हणजे ती २६ जुलैपासून घरी बसू शकली असती. तिने १ ऑगस्टपासून रजा टाकली. त्यामुळे मे, जून आणि जुलै हे तिचे मागचे तीन महिने झाले.

मे महिन्यात तिने २५ दिवस काम करून २९,००० रुपये मिळवले. जूनमध्ये २४ दिवस आणि २६,४०० रुपये. जुलैत पाय सुजू लागले, खाडे वाढले, बसून बसून पाठ भरून यायची. २१ दिवस आणि २१,६०० रुपये. तीन महिन्यांचे मिळून ७० दिवस आणि ७७,००० रुपये. ७७,००० भागिले ७०, म्हणजे दिवसाला १,१०० रुपये. सव्वीस आठवड्यांचे दिवस १८२. तेव्हा ११०० गुणिले १८२, एकूण २,००,२०० रुपये. तिची रजा १ ऑगस्टला सुरू होऊन २९ जानेवारी २०२७ ला संपेल.

आता हाच हिशोब तीन कार्यालयांत कसा चुकू शकतो ते पाहा. पहिला हिशोबनीस म्हणतो, तीन महिन्यांचे दिवस ९२, म्हणून ७७,००० ला ९२ ने भागा. दर ८३७ रुपयांच्या आसपास येतो आणि बाईच्या हातात सुमारे १,५२,३०० रुपये पडतात. जवळजवळ ४८,००० रुपये गेले. दुसरा जरा अभ्यासू. तो रविवार वगळतो, पण कारखाना चालू असलेले सगळे ७९ दिवस धरतो, तिच्या नऊ खाड्यांसकट. रक्कम येते १,७७,४०० च्या आसपास. तिसरा भागाकार अचूक करतो, १,१०० चा दर बरोबर काढतो, पण गुणाकाराला आला की त्याला आठवतं की ही बाई आठवड्यातून सहाच दिवस कामाला येते. मग सव्वीस आठवडे गुणिले सहा, १५६ दिवस. हातात १,७१,६०० रुपये, म्हणजे २८,६०० कमी. तिघांपैकी कोणी लबाडी केलेली नाही. तिघांनीही आपापल्या परीने ‘साधा’ हिशोब केला.

तिसऱ्या हिशोबनिसाचा प्रश्न मात्र वेडगळ नाही. तो थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. कोइम्बतूर भागातल्या एका मळ्यावर काम करणारी बाई १९६७ साली बाळंतपणाच्या रजेवर गेली. तेव्हा हक्क बारा आठवड्यांचा होता. मळेवाल्यांनी तिला ८४ दिवसांऐवजी ७२ दिवसांचे पैसे दिले. रविवार बिनपगारी सुट्टीचा, कामावर असती तरी तिला रविवारचा पैसा मिळाला नसता, मग रजेत तो का द्यायचा, असा त्यांचा सवाल होता. वरवर पाहता त्यात खोट सापडत नाही. खटला कामगार न्यायालयातून वर चढत गेला आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने बी. शाह विरुद्ध कामगार न्यायालय, कोइम्बतूर या निकालात प्रश्न मिटवला. कायद्याने मुदत आठवड्यांत सांगितली आहे, आठवडा सात दिवसांचा असतो, आणि कायद्यात कुठेही रविवार वगळा असं म्हटलेलं नाही. म्हणून बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, रविवारांसकट.

या निकालाची खरी गंमत हिशोबात आहे. भागताना फक्त कामाचे दिवस घ्यायचे आणि गुणताना सगळे दिवस घ्यायचे, असं केलं की रोजंदारीच्या बाईला रजेत तिच्या नेहमीच्या कमाईपेक्षा थोडं जास्तच मिळतं. आपल्या उदाहरणातली बाई पुरा आठवडा कामाला आली तर ६,६०० रुपये कमावते. रजेत तिला आठवड्याला ७,७०० मिळतील. हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटलं होतं असं नाही. या पद्धतीने तिला पूर्वीच्या वेतनाइतकी पूर्ण रक्कम तर मिळतेच, शिवाय रविवार आणि सुट्ट्यांचेही पैसे मिळतात, हे निकालात सरळ लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे असंही म्हटलं आहे. बाळंत बाईने नुसतं जगायचं नसतं, झिजलेलं अंग भरून काढायचं असतं, मूल पाजायचं असतं, पुन्हा कामाला उभं राहायचं असतं, अशी त्यामागची भूमिका. मला ही भूमिका पटते. रजेच्या काळात बाईचा खर्च सहा दिवसांचा नसतो. बाळाला रविवारीही भूक लागते.

महिन्याच्या पगारदार बाईचं थोडं निराळं आहे. तिचा पगार रविवार धरूनच ठरलेला असतो, त्यामुळे बहुतेक कंपन्या सव्वीस आठवडे तिचा पगार तसाच चालू ठेवतात. महिन्याला ३०,००० असतील तर तीन महिन्यांचे ९०,००० भागिले ९२, गुणिले १८२ केलं तरी १,७८,००० च्या आसपास येतात, म्हणजे सहा महिन्यांच्या पगाराच्या अगदी जवळ. इथे भागाकार आणि गुणाकार दोन्ही एकाच पंचांगातले आहेत, म्हणून नुकसान होत नाही. नुकसान होतं ते भागताना तीस दिवसांचा महिना आणि गुणताना सव्वीस दिवसांचा महिना घेतला की. आपल्या हिशोबाच्या कागदावर हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तरी अर्ध्या चुका सापडतात.

रजा कधी सुरू करायची हा निर्णय बहुतेक घरांत डॉक्टर, सासू आणि प्रवासाचा त्रास यांवर ठरतो. ते बरोबरच आहे. पण नगावर किंवा कमिशनसारख्या चढ-उताराच्या कमाईत रजेचा पहिला दिवस पैशाचाही निर्णय असतो, कारण मागचे तीन महिने कोणते हे त्याच दिवसावर ठरतं. आपल्या बाईने १ ऑगस्टऐवजी १ सप्टेंबरला रजा घेतली असती तर मे गळला असता आणि ऑगस्ट आत आला असता. ऑगस्टमध्ये तिने १८ दिवस काम करून दिवसाला ९८० रुपये मिळवले असं धरू. जून, जुलै, ऑगस्ट मिळून ६३ दिवसांत ६५,६४० रुपये, सरासरी सुमारे १,०४२. सव्वीस आठवड्यांचे १,८९,६०० च्या आसपास, म्हणजे साडेदहा हजारांनी कमी. उलट बाजूने ऑगस्टची कमाई हातात आली आणि रजेचा महिनाभर बाळ झाल्यानंतर वापरायला उरला. कोणतं बरं हे प्रत्येकीने आपलं ठरवायचं. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. खाडे झाले म्हणून सरासरी घसरत नाही, कारण खाड्याचा दिवस वरूनही जातो आणि खालूनही जातो. सरासरी घसरते ती हात मंदावल्यामुळे. थकलेल्या अंगाने रोज अर्धवट काम करत हजेरी भरण्यापेक्षा अधूनमधून खाडा करून बरं वाटेल त्या दिवशी नेहमीच्या वेगाने काम करणारीची सरासरी चांगली राहते. कायदा करणाऱ्यांनी हे मुद्दाम योजलं होतं का, कोण जाणे, पण घडतं असं.

खाडे फार झाले तर दुसरीच अडचण उभी राहते. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत निदान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे, नाहीतर लाभच नाही. १९८८ च्या दुरुस्तीआधी ही अट १६० दिवसांची होती. या ८० दिवसांत भरपगारी सुट्ट्या आणि मालकाने काम नाही म्हणून बसवून ठेवलेले दिवसही धरले जातात. हक्क आहे की नाही हे ८० दिवस ठरवतात, रक्कम किती हे तीन महिने ठरवतात. कार्यालयात कोणी या दोन मोजण्यांची सरमिसळ करत असेल तर तिथेच थांबवावं. रोजंदारीवर असलेल्या बाईला हा हक्क नाही, असं कोणी सांगितलं तर तेही खरं नाही. दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच त्यांना तो दिला आहे.

आठवड्यांबद्दल थोडक्यात. सव्वीस आठवडे पहिल्या दोन मुलांसाठी. दोन किंवा अधिक मुलं हयात असतील तर बारा आठवडे, त्यातले जास्तीत जास्त सहा आधी. मूल दत्तक घेणाऱ्या आणि सरोगसीतून मूल होणाऱ्या आईला बारा आठवडे, मूल हाती आल्या दिवसापासून. गर्भपात झाला तर सहा आठवडे. सव्वीस ही एकूण मर्यादा असल्याने बाळ ठरल्या तारखेआधी आलं किंवा उशिरा आलं तरी १८२ चे १८२ च राहतात, फक्त आधीचे आणि नंतरचे दिवस सरकतात. कोणी शेवटच्या दिवसापर्यंत कामावर गेली तर सगळे सव्वीस आठवडे ती बाळंतपणानंतर घेऊ शकते.

पैसे कधी द्यायचे हेही कायद्यात लिहिलेलं आहे, आणि बहुतेक ठिकाणी ते पाळलं जात नाही. गरोदर असल्याचा दाखला दिला की बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे असतात. मूल झाल्याचा दाखला दिला की उरलेले अठ्ठेचाळीस तासांत. आपल्या उदाहरणात १ ऑगस्ट ते १९ सप्टेंबर हे ५० दिवस आधीचे, त्यांचे ५५,००० रुपये रजेवर निघतानाच. मागाहूनच्या १३२ दिवसांचे १,४५,२०० रुपये जन्माचा दाखला पोचल्यापासून दोन दिवसांत. प्रत्यक्षात कार्यालयं महिन्याच्या पगारासारखे हप्त्याने देतात आणि बायकाही तक्रार करत नाहीत. दर महिन्याला नेमाने येत असेल तर फार बिघडत नाही, पण लहान कारखान्यांत ‘परत कामावर आल्यावर देऊ’ असं ऐकवलं जातं, आणि ते सरळ कायद्याविरुद्ध आहे. शिवाय बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय मालकाने फुकट केली नसेल तर ३,५०० रुपये वेगळे द्यावे लागतात. रक्कम किरकोळ आहे, पण ती पगारातून वळती करून घेतलेली मी पाहिली आहे, आणि ती वळती करता येत नाही.

आता वेतन कशाला म्हणायचं, हा मुद्दा. १९६१ च्या कायद्यात वेतनाची व्याख्या सैल आणि बाईच्या बाजूची होती. मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता आणि रोखीने मिळणारे इतर भत्ते, उत्पादनावर मिळणारा प्रोत्साहन बोनससुद्धा त्यात होता. वगळला होता तो ओव्हरटाइम, वार्षिक बोनस, मालकाचा भविष्य निर्वाह निधीतला वाटा आणि ग्रॅच्युइटी. नव्या संहितेने वेतनाची एकच व्याख्या सगळ्या कारणांसाठी आणली. तिच्यात घरभाडे भत्ता, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम, कमिशन वगैरे वेतनाबाहेर ठेवले आहेत. ही वगळलेली रक्कम एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाली तर जास्तीची रक्कम परत वेतनात धरायची, असं बंधन घातलं आहे.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. एका बाईचा महिन्याचा मोबदला ४०,००० रुपये. त्यात मूळ पगार १६,०००, विशेष भत्ता ६,०००, घरभाडे भत्ता १२,००० आणि प्रवास भत्ता ६,०००. जुन्या कायद्याने तिचं वेतन ४०,००० होतं. नव्या व्याख्येने घरभाडे आणि प्रवासाचे १८,००० बाहेर गेले. ते निम्म्याहून कमी असल्याने काहीही परत आत येत नाही, आणि वेतन उरतं २२,०००. म्हणजे प्रसूती रजेत मालकाने किमान किती द्यायचं ही रक्कम जवळपास निम्म्यावर आली. हीच व्याख्या भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीसाठी नोकरदाराच्या फायद्याची ठरू शकते, कारण मूळ पगार कृत्रिमरीत्या लहान ठेवणाऱ्यांना ती निदान पन्नास टक्क्यांवर आणते. बाळंतपणाच्या पगाराला मात्र ती उलटी लागते. संहितेच्या कौतुकात ही बाजू फारशी बोलली जात नाही. अर्थात कायदा फक्त किमान सांगतो. कंपनीच्या धोरणात, नेमणूकपत्रात किंवा युनियनच्या करारात ‘पूर्ण पगारी प्रसूती रजा’ असे शब्द असतील, तर त्यांवर बोट ठेवून पूर्ण पगार मागावा. मोठ्या कंपन्या आजही पूर्ण पगार देतात. करार नव्याने होत असेल तर युनियनने हे शब्द आत्ताच घालून घ्यावेत. नगावर काम करणाऱ्या आपल्या खडे बसवणाऱ्या बाईला भत्तेच नाहीत, त्यामुळे तिच्या हिशोबाला धक्का लागत नाही.

महिन्याला २१,००० पर्यंत वेतन असलेल्या आणि राज्य कामगार विम्यात नाव असलेल्या बायकांचा रस्ता वेगळा आहे. त्यांना पैसे मालक देत नाही, विमा महामंडळ देतं. आठवडे सव्वीसच आणि दरही पूर्ण सरासरी वेतनाइतका, पण सरासरी मागच्या तीन महिन्यांची नसते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन सहामाही काळ असतात, आणि रजा जुलै ते डिसेंबरमध्ये पडली तर आधीच्या ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांचं वेतन पाहिलं जातं. रजा जानेवारी ते जूनमध्ये पडली तर आधीच्या एप्रिल ते सप्टेंबरचं. ऑगस्टमध्ये रजेवर जाणाऱ्या बाईची सरासरी मग गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीच्या किंवा त्याआधीच्या दिवसांवर निघते. नगावर काम करणारीला हे सोयीचं, कारण जड दिवसांतली मंदावलेली कमाई हिशोबात येतच नाही. मात्र आधीच्या लागोपाठच्या दोन वर्गणी काळांत मिळून निदान ७० दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. ती ठेकेदाराने खरोखर भरली का, हे रजेच्या वेळी न शोधता आधीच पाहून ठेवावं.

मुंबईला हा विषय नवा नाही. देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा मुंबई इलाख्याचाच, १९२९ चा, आणि तो मुख्यतः कापड गिरण्यांतल्या बायकांसाठी होता. विधेयकावरच्या चर्चेत १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं. हा भार मुळात सरकारचा आहे, पण बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो म्हणून त्यानेही तो उचलायला हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. मुंबईच्या त्या कायद्यात सरासरीची भानगड नव्हती, दिवसाला आठ आण्यांची ठरावीक रक्कम होती. पुढे ती कमाईशी जोडली गेली. सरकारने भार उचलायचा हा त्यांचा मुद्दा मात्र अजून अर्धवटच राहिला आहे. विम्याच्या कक्षेबाहेरच्या बाईचे सव्वीस आठवड्यांचे पैसे आजही तिचा एकटा मालक देतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार चौदाच आठवडे मागतो, पण पैसे सामाजिक विम्यातून किंवा सार्वजनिक निधीतून यावेत असं सांगतो. आपण आठवड्यांत जगाच्या पुढे गेलो आणि पैशाचं ओझं होतं तिथेच ठेवलं. दहा-बारा माणसांच्या कार्यालयात तिशीच्या आतल्या विवाहित बाईला नोकरी देताना मालक का कचरतो, याचं उत्तर त्यात आहे. त्याची बाजू घ्यायची नाही, पण हिशोब त्यालाही येतो.

आणि ज्यांच्या बाबतीत हा भागाकारच करता येत नाही, अशा बायका आपल्याकडे लाखांनी आहेत. बीडमधून ऊस तोडायला जाणाऱ्या जोडप्याला कोयता म्हणतात, मुकादम उचल देतो ती जोडप्याला, मजुरी ठरते टनावर. त्यातलं बाईचं वेतन किती हे कोणत्याच कागदावर नसतं. मग तीन महिन्यांची सरासरी काढायची कशाची? तिच्या वाट्याला येते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना, पहिल्या मुलासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,०००. आपल्या उदाहरणातल्या बाईच्या दराने हे सहा दिवसांचेही धड पैसे होत नाहीत.

तुमच्या घरात किंवा कामाच्या जागी कोणी लवकरच रजेवर जाणार असेल, तर तिला मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि हजेरीची नक्कल जपून ठेवायला सांगा. रजेचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. मग हिशोब विभागाकडे तीन आकडे लेखी मागा: एकूण वेतन किती धरलं, कोणत्या दिवसांनी भागलं, आणि किती दिवसांनी गुणलं. तिसरा आकडा १८२ नसेल आणि तिला दोन मुलं आधीच नसतील, तर बी. शाह खटल्याचं नाव घेऊन कारण विचारा. उत्तर मिळालं नाही तर तक्रार कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे करायची असते, आणि तिथेही सगळ्यात आधी हेच तीन आकडे मागतात.